गिफ्ट व्हाउचरचा कोड टाकला आणि अ‍ॅप म्हणतं ‘अवैध’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीला ऑफिसातून आलेलं ई-गिफ्ट कार्ड, भाच्याने वाढदिवसाला पाठवलेला कोड, सुपरमार्केटमधून घेतलेलं खरवडायचं कार्ड. तिन्हींत कुणीतरी आधीच पैसे भरलेले असतात. त्यामुळे अ‍ॅपने `Invalid` असा लाल शब्द दाखवला की पोटात गोळा येतो: पैसे बुडाले का? बहुतेक वेळा ते कुठेतरी अडकलेले असतात, आणि कुठे अडकले ते शोधता येतं. इमारतीतल्या ज्येष्ठ मंडळींचे असे कोड सोडवता सोडवता जमलेली ही उत्तरं आहेत. पायऱ्या नीट दिसाव्यात म्हणून उदाहरणं मुख्यतः भारतातल्या अ‍ॅमेझॉन पे गिफ्ट कार्डाची घेतली आहेत. इतर ठिकाणी बटणांची नावं बदलतील, गोष्ट तीच राहील.

गिफ्ट कार्ड, व्हाउचर, कूपन, प्रोमो कोड हे सगळं एकच ना?

नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो.

गिफ्ट कार्ड किंवा प्रीपेड व्हाउचर म्हणजे आधीच भरलेले पैसे. त्यावर ठरावीक रक्कम लिहिलेली असते, ₹५००, ₹१,०००, ₹२,००० अशी. कूपन किंवा प्रोमो कोड म्हणजे सवलत. त्यामागे पैसे नसतात, फक्त अट असते: ‘₹९९९ च्या खरेदीवर ₹१५० कमी’, ‘फक्त नव्या ग्राहकांसाठी’, ‘फक्त कपड्यांवर’. यूपीआयने पैसे दिल्यावर जी स्क्रॅच कार्डं मिळतात, त्यांतले बरेचसे कोड या दुसऱ्या जातीचे असतात.

दिसायला दोन्ही सारखेच, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. पण त्यांचे रकाने वेगळे असतात. गिफ्ट कार्डाचा कोड बऱ्याच ठिकाणी आधी खात्यात जमा करायचा असतो, मग ती रक्कम खरेदीच्या वेळी वापरायची. कूपन थेट बिलाच्या पानावर टाकायचं असतं. गिफ्ट कार्डाचा कोड कूपनच्या रकान्यात टाकला तर अ‍ॅप त्याला अवैध म्हणणार, आणि त्या रकान्यापुरतं ते खरंही आहे. म्हणून ज्या मेसेजमधून कोड आला तो मेसेज आधी पूर्ण वाचा. त्यात किमान खरेदीची अट असेल तर ते कूपन आहे. नुसती रक्कम, मुदत आणि कदाचित पिन असेल, तर ते पैसे आहेत.

मग कोड नेमका कुठे टाकायचा?

अ‍ॅमेझॉन पे गिफ्ट कार्डासाठी सर्वांत सोपा रस्ता म्हणजे ब्राउझरमध्ये हा पत्ता स्वतः टाइप करणं:

```
amazon.in/addgiftcard
```

लॉगिन केल्यावर कोडचा एकच रकाना दिसतो. त्यात १४ किंवा १५ अक्षर-अंकांचा कोड टाकून रक्कम जमा करण्याचं बटण दाबायचं. अ‍ॅपमध्ये हेच काम अ‍ॅमेझॉन पेच्या भागात गिफ्ट कार्ड जोडण्याच्या पर्यायातून होतं. बटण दाबण्याआधी वर कोणाचं नाव दिसतंय ते मात्र जरूर पाहा. कोड एकदा एका खात्यात गेला की तो दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही.

काही कार्डांना दोन भाग असतात, कार्ड क्रमांक आणि पिन. फ्लिपकार्टच्या गिफ्ट कार्डावर १६ अंकी क्रमांक आणि ६ अंकी पिन असतो. कपड्यांच्या, दागिन्यांच्या, पुस्तकांच्या साखळी दुकानांच्या व्हाउचरांवरही बहुधा अशीच जोडी असते. इथे लोक पिन विसरतात, किंवा क्रमांक आणि पिन सलग एकाच रकान्यात चिकटवतात. पिन वेगळ्या मेलमध्ये किंवा एसएमएसवर आला असण्याचीही शक्यता असते, तोही शोधा.

आणखी एक प्रकार ऑफिसातून येणाऱ्या भेटींत दिसतो. मेलमध्ये कोड नसतोच, फक्त एक दुवा असतो. तो उघडून मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की त्या पानावर खरा कोड दिसतो, किंवा ‘कुठल्या ब्रँडचं व्हाउचर हवं’ असं विचारलं जातं. मेलमध्ये वर छापलेला संदर्भ क्रमांकच कोड समजून टाकला तर तो कुठेच चालणार नाही.

‘अवैध’ म्हणजे नेमकं काय?

कोडला एक आयुष्य असतं, असं समजा. आधी तो तयार होतो. मग विक्री झाल्यावर चालू होतो. मग कुणाच्या तरी खात्यात जमा होतो. जमा झालाच नाही तर एके दिवशी त्याची मुदत संपते. बटण दाबलं की अ‍ॅप कोड देणाऱ्या कंपनीच्या संगणकाला विचारतं: असा कोड आहे का, चालू झालाय का, वापरला गेलाय का, मुदत आहे का, या देशातल्या या खात्याला चालेल का? यांतल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर चुकीचं आलं की जमा होणं थांबतं.

काही अ‍ॅप नेमकं कारण सांगतात. `already redeemed` म्हणजे वापरला गेलाय, `expired` म्हणजे मुदत संपली, `not activated` म्हणजे अजून चालू झालेला नाही. काही अ‍ॅप मात्र सगळ्याला `Invalid code` एवढंच म्हणतात. फार कारणं सांगितली तर कोड अंदाजाने टाकून पाहणाऱ्या चोरांना मदत होते, हेही त्यामागचं एक कारण. म्हणून शब्द नीट वाचा आणि त्याच क्षणी स्क्रीनशॉट काढा. पुढे कस्टमर केअरशी बोलताना ‘चालत नाहीये’ यापेक्षा ‘१२ तारखेला सायंकाळी ६ वाजता `not activated` असा संदेश आला’ हे वाक्य दसपट कामाचं असतं.

मी अक्षर न् अक्षर तपासलं, तरी चुकीचा म्हणतो. असं का?

बऱ्याचदा डोळ्यांना न दिसणारी चूक असते.

मराठी टाइप करणाऱ्यांच्या बाबतीत पहिली शंका कीबोर्डची. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असेल तर आकडे ० १ २ ३ असे उमटू शकतात. वाचताना आपल्याला काहीच खटकत नाही, पण संगणकासाठी `5` आणि ५ ही दोन वेगळी चिन्हं आहेत. कोड टाकण्यापूर्वी कीबोर्ड इंग्रजीवर न्या.

दुसरी शंका कॉपी-पेस्टची. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज दाबून धरून कॉपी केला की ‘मावशी, हा घे तुझा कोड’ यासकट सगळं येतं. पाठवणाऱ्याने कोड ठळक दिसावा म्हणून दोन्ही बाजूंना `*` लावले असतील तर तेही सोबत येतात. शेवटी एखादी रिकामी जागा चिकटते. पीडीएफमधून उचललेला कोड दोन ओळींत तुटलेला असू शकतो. उपाय साधा आहे: आधी नोट्समध्ये पेस्ट करा, तिथे फक्त कोड उरेल असं साफ करा, आणि मग उचला. कोडमधल्या आडव्या रेघा काही अ‍ॅपना चालतात, काहींना नाही. एकदा रेघांसकट आणि एकदा रेघांशिवाय टाकून पाहायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट, छापील कार्डावरून वाचताना `0` आणि `O`, `1` आणि `I`, `8` आणि `B`, `5` आणि `S`, `2` आणि `Z` यांत गफलत होते. नाण्याने जोरात खरवडलं तर अक्षराचा काही भागच निघून जातो. अशा वेळी खिडकीशी उजेडात फोनने फोटो काढा आणि मोठा करून पाहा. कार्ड फेकू मात्र नका. कोड वाचता येत नसला तरी त्यावर वेगळा अनुक्रमांक असतो, आणि कंपनी त्यावरून कार्ड ओळखू शकते.

‘कोड आधीच वापरला गेला आहे’ असं म्हणतो. कुणी चोरला का?

चोरीची शक्यता असते, पण आधी घरातच शोधा. आमच्या शेजारच्या काकूंचा किस्सा यासाठी सविस्तर सांगतो.

काकूंच्या लेकीने त्यांना एका खरेदीच्या अ‍ॅपचं ₹२,००० चं ई-गिफ्ट कार्ड मेलने पाठवलं. चार दिवसांनी काकूंनी अ‍ॅप उघडून कोड टाकला, तर ‘आधीच वापरलेला’ असं उत्तर. खात्यात शिल्लक शून्य. लेक म्हणाली, मी कुणालाच दिला नाही. काकूंना वाटलं मेल कुणीतरी उघडला, आणि त्या रात्रभर झोपल्या नाहीत.

मी आधी लेकीला तिच्या ऑर्डरचं पान उघडायला सांगितलं. तिथे कार्ड ‘वापरलं’ असंच दिसत होतं. मग कस्टमर केअरला विचारलं: कोड कुठल्या खात्यात जमा झाला? ते सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. खात्याची माहिती तिसऱ्या माणसाला न देणं बरोबरच आहे. म्हणून प्रश्न बदलला: निदान कधी जमा झाला ते सांगा. उत्तर मिळालं, मेल आला त्याच दिवशी, रात्री नऊच्या सुमारास.

‘त्या दिवशी नऊ वाजता काय करत होतात?’ असं विचारल्यावर काकूंना आठवलं. मेल उघडला होता, त्यात एक मोठं बटण होतं, ते दाबलं होतं. काहीतरी पान आलं, ‘पुढे जा’ म्हटलं आणि फोन ठेवून दिला. मेलमधलं ते बटण अ‍ॅपमध्ये न उघडता फोनच्या ब्राउझरमध्ये उघडलं होतं. आणि ब्राउझरमध्ये काकूंचंच एक जुनं खातं लॉगिन होतं, ई-मेलवरून काढलेलं. रोज वापरायचं अ‍ॅप मोबाइल नंबरच्या खात्यावर चालत होतं. दोन्ही खाती त्यांचीच, पण कंपनीच्या दृष्टीने दोन वेगळी माणसं. ब्राउझरमध्ये शिल्लक पाहिली तर ₹२,००० जसेच्या तसे.

रक्कम दुसऱ्या खात्यात हलवता आली नाही, कारण त्या कार्डाच्या अटींत तसं नव्हतं. मग जुन्या खात्यात घरचा पत्ता घातला आणि त्याच खात्यातून मिक्सर मागवला. काम झालं.

तेव्हा ‘आधीच वापरलेला’ असं दिसलं की या क्रमाने जा. तुमची किती खाती आहेत ते आठवा: मोबाइल नंबरचं, ई-मेलचं, जुन्या नंबरचं. प्रत्येकाची शिल्लक आणि व्यवहारांची यादी पाहा. घरातल्यांना विचारा, एकच टॅब्लेट सगळे वापरत असतील तर विशेष करून. पाठवणाऱ्याला विचारा, त्याने चुकून स्वतःच्याच खात्यात तर जमा केला नाही ना? पहिल्यांदा बटण दाबल्यावर नेट गेलं असेल आणि चूक दिसली असेल, तरी रक्कम मागे जमा झालेली असू शकते. यांतलं काहीच जुळत नसेल, तर कस्टमर केअरला जमा झाल्याची तारीख आणि वेळ विचारा. ती वेळ तुमची कुणाचीच नसेल तर मात्र चोरी धरून चाला, आणि खाली दिलेला तक्रारीचा रस्ता त्याच दिवशी धरा.

दुकानातून घेतलेलं कार्ड चालू झालेलं नाही, असं दाखवतं.

स्टँडवर टांगलेल्या कार्डांत पैसे नसतात. काउंटरवर कार्ड स्कॅन होऊन बिल झालं की कोड चालू होतो, म्हणून तर ती कार्डं उघड्यावर टांगलेली चालतात. गर्दीत कॅशियरने बिलात रक्कम घेतली पण कार्ड चालू होण्याची नोंद पुढे गेली नाही, असं घडतं. अशा वेळी अ‍ॅप काहीच करू शकत नाही. बिल आणि कार्ड घेऊन त्याच दुकानात जा. बिलावर कार्डाचा अनुक्रमांक किंवा कार्ड चालू झाल्याची ओळ छापलेली आहे का ते दाखवा आणि पुन्हा चालू करून घ्या. बिल टाकून दिलं असेल तर पैसे दिल्याचा यूपीआय किंवा कार्डाचा व्यवहार दाखवा.

विकत घेतानाच कोडावरचा चंदेरी थर पाहून घ्या. तो आधी खरवडून वर दुसरा स्टिकर लावल्याचा संशय आला तर ते कार्ड नको म्हणा. आधी कोड टिपून ठेवायचा आणि कार्ड विकलं गेलं की लगेच वापरायचा, अशी ही जुनी चोरी आहे.

भावाने अमेरिकेतून अ‍ॅमेझॉनचं कार्ड पाठवलं. इथे चालेल का?

`amazon.com` वरून घेतलेलं डॉलरमधलं कार्ड `amazon.in` वर चालत नाही. कोड खरा आहे, पैसे खरे आहेत, पण दुकान वेगळं आहे. परदेशातून भारतातल्या कुणाला भेट द्यायची असेल तर कार्ड `amazon.in` वरचं, रुपयांतलंच घ्यायला हवं. पुण्यात राहणाऱ्या आईला न्यू जर्सीतून कार्ड पाठवताना हे हमखास विसरलं जातं.

कार्ड आलंच असेल तर कुठेही जमा न करता भावाला परत सांगा. त्याच्या `amazon.com` खात्यात ते जमा होईल आणि त्याला वापरता येईल. गूगल प्लेचे कोडही असेच देशाला बांधलेले असतात. तुमच्या गूगल प्ले खात्याचा देश आणि कोडाचा देश एकच हवा. केवळ एका कोडासाठी खात्याचा देश बदलू नका, तो वर्षातून एकदाच बदलता येतो आणि आधीची शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही.

पुन्हा पुन्हा टाकून पाहू का?

दोनदा, फार तर तीनदा. नंतर थांबा. अनेक अ‍ॅप लागोपाठ चुकीचे कोड आले की तो रकानाच काही काळ बंद करतात, आणि मग बरोबर कोडही चालत नाही. एक दिवस जाऊ द्या, अ‍ॅप अपडेट करा, आणि पुढचा प्रयत्न ब्राउझरमधून करा.

मुदत संपली. आता पैसे गेले का?

इथे व्हाउचर कोणी काढलंय ते महत्त्वाचं. दोन प्रकार आहेत.

पहिला, रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीने काढलेलं गिफ्ट कार्ड. अ‍ॅमेझॉन पे गिफ्ट कार्डं पाइन लॅब्ज ही कंपनी अशा परवानगीखाली काढते. अटींच्या पानावर काढणाऱ्याचं नाव असतं. अशा साधनांना प्रीपेड पेमेंट इन्स्ट्रुमेंट, थोडक्यात पीपीआय म्हणतात. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने २७ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या निर्देशांत ग्राहकाच्या उपयोगाच्या गोष्टी आहेत. गिफ्ट कार्ड ₹१०,००० हून मोठं नसावं. मुदत किमान एक वर्ष असावी. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनीने एसएमएस, ई-मेल वगैरे मार्गाने सावध करावं. धारकाने मागितलं तर गिफ्ट कार्डाची मुदत वाढवून देता येते, नवं कार्ड काढूनसुद्धा. आणि मुदत संपल्यावरही उरलेली रक्कम कंपनीने लगेच आपल्या नफ्यात टाकायची नाही. किमान तीन वर्षं थांबायचं, आणि मुदतीनंतर धारकाने परतावा मागितला तर तो बँक खात्यात द्यायचा.

म्हणून ‘मुदत संपली, काही होणार नाही’ असं फोनवर ऐकलंत तर तिथे सोडून देऊ नका. लेखी मागा: ‘हे पीपीआय आहे, मला मुदतवाढ किंवा उरलेल्या रकमेचा परतावा हवा.’ फोनवर बोलणाऱ्याला हा नियम माहीत नसणं शक्य आहे, पण तक्रार निवारण अधिकाऱ्याला तो माहीत असावाच लागतो.

दुसरा प्रकार, एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्या मालासाठी काढलेलं व्हाउचर. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, त्यामुळे वरचे नियमही लागू होत नाहीत. तिथे छापलेल्या अटी आणि ग्राहक कायदा एवढाच आधार. मुदत संपून थोडेच दिवस झाले असतील तर दुकानाच्या व्यवस्थापकाशी बोलून पाहा, बरीच दुकानं ग्राहक टिकवण्यासाठी नवं व्हाउचर देतात. कूपनची मुदत संपली असेल तर मात्र त्यात मागण्यासारखं काही उरत नाही.

पैसे कापले गेले, पण कोड आलाच नाही.

आधी मेलचं स्पॅम फोल्डर आणि विक्रेत्या अ‍ॅपमधलं ऑर्डरचं पान पाहा. कोड बऱ्याचदा तिथेच असतो. भेट म्हणून पाठवताना मेल किंवा नंबर चुकीचा टाकला होता का, तेही बघा. तिथेही नसेल तर ऑर्डर क्रमांक आणि यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक घेऊन विक्रेत्याकडे तक्रार करा. कोड ज्या ब्रँडचा आहे त्याच्याकडे या टप्प्यावर जाऊन उपयोग नाही, कारण त्याच्या दृष्टीने अजून काही विकलंच गेलेलं नाही.

तक्रार नेमकी कुणाकडे करायची? प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाठवतो.

हो, हा त्रास खरा आहे. कारण एका कार्डामागे तीन जण असू शकतात: विकणारा, काढणारा आणि ज्याच्याकडे वापरायचं तो. साधारण वाटणी अशी. कोड आला नाही किंवा चालू झाला नाही, तर विकणारा. मुदत, शिल्लक, कुठे वापरला गेला याची चौकशी, तर काढणारा. कोड बरोबर आहे, शिल्लकही दिसते, पण बिलात लागत नाही, तर ज्याच्याकडे वापरताय तो. भेट मिळालेली असेल तर विकणाऱ्याकडची तक्रार भेट देणाऱ्यालाच करावी लागते, कारण ऑर्डर त्याच्या नावावर असते. संकोच वाटतो, पण त्याला सांगाच.

फोनपेक्षा लेखी बरं. असा मजकूर पुरतो:

> ₹२,००० चं ई-गिफ्ट कार्ड, ऑर्डर क्रमांक …, खरेदीची तारीख …. कोडची शेवटची चार अक्षरं …. दिनांक … रोजी … वाजता माझ्या खात्यात (नोंदणी केलेला मोबाइल …) जमा करताना ‘…’ असा संदेश आला. स्क्रीनशॉट आणि पावती जोडली आहे. कृपया कळवा: १) कोड चालू झाला आहे का आणि कधी, २) वापरला गेला असल्यास कोणत्या तारखेला व वेळेला, ३) त्याची मुदत कधीपर्यंत आहे. कोड वापरला गेला नसल्यास नवा कोड किंवा परतावा द्यावा. तक्रार क्रमांक कळवावा.

पूर्ण कोड सुरुवातीला लिहू नका. तो लागलाच तर फक्त अ‍ॅपच्या आतल्या चॅटमध्ये द्या. समाजमाध्यमांवर कंपनीला उघड टॅग करून कोडचा फोटो टाकणं म्हणजे रस्त्यावर नोट ठेवून येणं. आणि कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन लावू नका. खोटे नंबर वर दिसतील अशी व्यवस्था चोरांनी केलेली असते. नंबर अ‍ॅपमधूनच घ्या. समोरचा माणूस स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगू लागला तर फोन ठेवा.

उत्तरच देत नाहीत. पुढे काय?

पीपीआय असेल तर काढणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. कंपनीला पाठवलेली तक्रार आणि तिची तारीख जोडावी लागते, म्हणूनच लेखीचा आग्रह.

दुकानाचं स्वतःचं व्हाउचर असेल, किंवा भांडण विकणाऱ्याशी असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. ती निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचवते, आणि हजार-दोन हजारांची प्रकरणं अनेकदा तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ₹५ लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथे फी नाही. पण ₹५०० च्या कार्डासाठी तारखांना जायचं का, हा विचार ज्याचा त्याने करावा. माझ्या मते १९१५ पर्यंत तरी प्रत्येकाने जावं.

‘साहेबांनी’ व्हॉट्सअ‍ॅपवर गिफ्ट कार्डं घेऊन कोड पाठवायला सांगितले.

साहेबांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा. फोटो साहेबांचा, नंबर अनोळखी, ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, ग्राहकाला द्यायची आहेत’ हा या फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. वीजबिल, दंड, कस्टमची ड्यूटी, नोकरीची अनामत यांतलं काहीही कुठलंही सरकारी किंवा खासगी कार्यालय गिफ्ट कार्डाने घेत नाही. चोरांना गिफ्ट कार्ड आवडतं, कारण कोड कळला की पैसे मिळतात, कार्ड हातात लागत नाही.

कोड देऊन झाला असेल तर मिनिटं मोजा. अजून तो जमा झाला नसेल तर सर्वांत जलद उपाय म्हणजे तो तुम्हीच तुमच्या खात्यात जमा करून टाकणं. तसं जमलं नाही तर कंपनीला कोड गोठवायला सांगा, आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा.

गिफ्ट कार्डाचे रोख पैसे मिळतील का? आणि वस्तू परत केली तर?

रोख काढता येत नाही, दुसऱ्याला पाठवताही येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानेच ते बंद आहे. धारकाची संमती असेल तर ज्या खात्यातून कार्ड घेतलं गेलं त्या मूळ खात्यात पैसे परत जाऊ शकतात, मुदत संपण्याआधी एवढीच सवलत. अ‍ॅमेझॉनवर गिफ्ट कार्डाच्या शिलकीतून दुसरं गिफ्ट कार्डही घेता येत नाही. वस्तू परत केली तर बिलाचा जेवढा भाग गिफ्ट कार्डातून गेला तेवढा पुन्हा त्याच शिलकीत येतो, आणि उरलेला भाग ज्या कार्डातून किंवा यूपीआयमधून दिला होता तिकडे. म्हणून ₹२,००० च्या कार्डातून ₹२,६०० ची वस्तू घेऊन परत केलीत आणि बँकेत फक्त ₹६०० आले, तर घाबरू नका. बाकीचे ₹२,००० अ‍ॅपच्या शिलकीत पाहा.